‘मीटर’ विचारलं की ‘मोटर’ सुचवतंय: आधी विचारलेला सारखा प्रश्न शोधायचा कसा?

मृणाल_वाशी

नमस्कार मंडळी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या रहिवाशांसाठी आम्ही काही जण मिळून प्रश्नोत्तरांचं एक पान चालवतो. लाईट बिलावरचं नाव, मालमत्ता कर, शेअर सर्टिफिकेट, पार्किंग, वरच्या मजल्यावरची गळती, असे विषय. उत्तर मिळालेले जुने प्रश्न सहा हजारांच्या आसपास आहेत. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा येतो, आणि ज्यांना खरंच माहिती आहे ती पाच-सात माणसं तेच तेच लिहून थकतात. मग ती यायची बंद होतात, हे मला फार लागतं.

म्हणून नवा प्रश्न टाइप झाला की खाली आधीचे पाच सारखे प्रश्न दाखवायचे, हे काम मी अंगावर घेतलंय. पायथनमध्ये शब्द मोजून त्यांना वजन देणारं `TfidfVectorizer` लावून प्रश्नांमधलं कोसाइन साम्य काढलं. चालतंय, पण सूचना चक्रावून टाकणाऱ्या येतात. एका बाईंनी विचारलं, ‘लाईट मीटर जळाला, नवीन कोण बसवणार?’ तर पहिली सूचना आली, ‘पाण्याची मोटर बिघडली, खर्च कोणी करायचा?’ आणि दुसऱ्या एकाने ‘लाईट बिलावर आईचे नाव कसे लावायचे’ असं विचारल्यावर गच्चीला डांबर कसे लावायचे हा प्रश्न वर आला. डेटा कमी पडतोय का? की थेट मोठं मॉडेल घ्यावं? अनुभवी लोकांनी सांगा.

प्रथमेश_कळवा

ताई, शब्द मोजण्याचे दिवस गेले. एम्बेडिंग काढा, म्हणजे वाक्याच्या अर्थाचा व्हेक्टर, आकड्यांची एक यादी, मिळते. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूबची मॉडेल्स फुकट आहेत, `l3cube-pune/marathi-sentence-similarity-sbert` बघा. कोसाइन ०.८ च्या वर गेला की नवा प्रश्न आपोआप बंद करायचा आणि जुन्याची लिंक द्यायची. विषय संपला. सहा हजार प्रश्न म्हणजे काहीच नाही, लॅपटॉपवर चालेल.

देशपांडे_नौपाडा

आपोआप बंद करायला माझा विरोध आहे. मी दुसऱ्या एका मंडळावर बरीच वर्षं नियंत्रक आहे. माणूस अडचणीत असतो तेव्हा विचारतो. त्याला ‘हे आधीच विचारलंय’ म्हणून दार लावलं, आणि जुनं उत्तर त्याच्या कामाचं नसलं, तर तो परत येत नाही. चार वेळा तेच उत्तर लिहावं लागलं तरी चालेल.

विनायक_घणसोली

मृणालताई, मॉडेल बदलण्याआधी एक गोष्ट करा. तुमचा प्रश्न तुकडे होऊन आत कसा जातोय ते छापून बघा. शोधयंत्रणेचं काम मी रोज करतो, आणि मराठीत अशी वेडीवाकडी जोडी दिसली की माझा पहिला संशय तिथेच जातो.

```python
import re
q = "लाईट बिलावर आईचे नाव कसे लावायचे"
print(re.findall(r"(?u)\b\w\w+\b", q))
# ['ईट', 'वर', 'आईच', 'कस', 'यच']
```

हा पॅटर्न `TfidfVectorizer` मध्ये आपोआप लागलेला असतो. पायथनच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर किंवा अंक. आपली काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, ती अक्षराला जोडायची चिन्हं आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. वर तो पॅटर्न एकच अक्षर उरलेले तुकडे फेकून देतो. बघा, ‘नाव’ पूर्ण गायब झालं. ‘बिलावर’चा नुसता ‘वर’ उरला. जे दोन शब्द प्रश्नाचा प्राण होते तेच गेले, आणि राहिलं काय, तर ‘कस’ आणि ‘यच’. ‘कसे’ आणि ‘-यचे’ असलेला प्रत्येक प्रश्न आता याच्याशी जुळणार. डांबर कसे लावायचे हा प्रश्न तिथूनच आला.

आणि मोटरीचं कोडं तर फारच स्वच्छ सुटतं. ‘मीटर’ तुटला की ‘टर’ उरतो. ‘मोटर’ तुटली की ‘टर’ उरतो. ‘स्कूटर’चाही ‘टर’. यंत्राच्या लेखी हा एकच शब्द आहे, आणि तो फार प्रश्नांत येत नसल्यामुळे त्याला वजनही भरपूर मिळतं. म्हणून तो थेट पहिल्या क्रमांकावर जातो.

इंग्रजीत हा दोष दिसतच नाही, आणि प्रोग्राम कुठेही अडत नाही, म्हणून लोक महिनोन्‌महिने असंच वापरत राहतात. शब्दांऐवजी अक्षरांच्या तुकड्यांवर जा:

```python
TfidfVectorizer(analyzer="char_wb", ngram_range=(3, 5))
```

हे फक्त मोकळ्या जागेवर शब्द तोडतं आणि आतले तीन ते पाच चिन्हांचे तुकडे घेतं. मराठीला याचा आणखी एक फायदा आहे. ‘बिल’, ‘बिलावर’, ‘बिलाचं’ हे तीन वेगळे शब्द न राहता त्यांचा ‘बिल’ हा तुकडा सामाईक होतो. ‘पाणी’ आणि ‘पाण्याचं’ यांच्यातसुद्धा ‘पाण’ जुळतं. विभक्तीचे प्रत्यय आणि सामान्यरूप यांची वेगळी सोय करावी लागत नाही. प्रत्येक वेळी अचूक बसतं असं नाही, पण सुरुवात म्हणून भक्कम आहे.

मृणाल_वाशी

विनायकदादा, करून बघितलं. मीटरचे प्रश्न आता मीटरपाशी जातायत! मोटर खाली गेली. मी चुकीच्या जागी डेटा वाढवत बसणार होते, वाचवलंत.

पण आता दुसरं दिसतंय. परवा हा प्रश्न आला: ‘वडील वारले. लाईट बिल त्यांच्या नावावर आहे, आईच्या नावावर करायचंय.’ सूचनांमध्ये पहिला आला ‘रिसेलचा फ्लॅट घेतला, लाईट बिल माझ्या नावावर कसं करायचं’. दुसरा ‘वडील वारले, मालमत्ता कराच्या बिलावर आईचं नाव लावायचंय’. आणि जो खरा हवा होता, ‘मयत ग्राहकाचं वीज कनेक्शन वारसाकडे हस्तांतरित करणे’, तो पहिल्या वीसातही नाही.

प्रथमेश_कळवा

हेच तर म्हणत होतो. ‘वारले’ आणि ‘मयत’ यांच्यात एकही अक्षर सारखं नाही. इथे एम्बेडिंगच लागणार.

विनायक_घणसोली

प्रथमेश, इथे तुझं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. मृणालताईंनी दिलेलं उदाहरण फार चांगलं आहे, त्याच्यावरच थांबू.

शब्द जुळवणारी पद्धत फसली कारण लोकांनी एकच गोष्ट दोन भाषांत लिहिली, एक घरातली आणि एक अर्जातली. एम्बेडिंग ही दरी बऱ्यापैकी ओलांडतं. ‘वारले’ आणि ‘मयत’ जवळ येतील, ‘आईच्या नावावर’ आणि ‘वारसाकडे हस्तांतरित’ही जवळ येतील. खरा प्रश्न पहिल्या पाचात येईल असा माझा अंदाज आहे.

पण तोच व्हेक्टर मालमत्ता कराचा प्रश्नसुद्धा तितकाच वर आणेल. वडील गेले, बिल आहे, आईचं नाव लावायचंय. एक शब्द सोडला तर सगळा प्रसंग तोच आहे. सबंध वाक्याचा एकच व्हेक्टर काढला की तो एक शब्द बाकीच्या प्रसंगात विरघळतो. आणि नेमका तोच शब्द माणसाला महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात पाठवायचं की वीज कंपनीच्या, हे ठरवतो. रिसेलवाला प्रश्नही तसाच. वीज कंपनी तीच, काम तेच, पण तिथे खरेदीखत दाखवायचं असतं आणि इथे मृत्यूचा दाखला अन् बाकीच्या वारसांची संमती. कागदच वेगळे.

म्हणून माझ्या मते ‘सारखा प्रश्न’ याची व्याख्या वाक्यांच्या साम्यावर ठेवूच नये. कसोटी एकच: जुन्या प्रश्नाखालचं उत्तर नव्या माणसाला जसंच्या तसं दिलं, तर त्याचं काम होईल का? होत असेल तर प्रश्न एक, मग शब्द कितीही वेगळे असोत. होत नसेल तर प्रश्न दोन, मग नव्वद टक्के शब्द सारखे का असेनात.

प्रथमेश_कळवा

मान्य, पण मग ०.८ च्या जागी ०.९ ठेवा ना. चुकीचे गाळले जातील.

विनायक_घणसोली

आकडा वर नेला की हे तीन एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, कारण त्यांचे आकडे एकमेकांना चिकटून असतात. बरेचदा चुकीचाच वर असतो. कोसाइनचा ०.८ हा टक्का नाही, आणि एका मॉडेलचा ०.८ दुसऱ्या मॉडेलचा ०.६ असू शकतो. तो आकडा क्रम लावायला चांगला, निकाल द्यायला नाही.

सहसा काम दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात स्वस्त पद्धतीने साधारण पन्नास उमेदवार गोळा करायचे, अक्षरांच्या तुकड्यांवरून काही आणि एम्बेडिंगवरून काही. इथे चुकीचे आले तरी चालतं, खरा सुटता कामा नये. दुसऱ्या टप्प्यात नवा प्रश्न आणि एकेक उमेदवार एकत्र मॉडेलला वाचायला द्यायचे, म्हणजे ते शब्दाला शब्द लावून बघतं. ‘लाईट’च्या समोर ‘मालमत्ता कर’ आहे हे तिथे पकडता येतं. हे मॉडेल सावकाश चालतं. २०१९ च्या सेंटेन्स-बर्टच्या पेपरमध्ये हिशेब दिलाय: १०,००० वाक्यांतली सगळ्यात जवळची जोडी साध्या बर्ट मॉडेलने शोधायला सुमारे ६५ तास, आणि प्रत्येक वाक्याचा व्हेक्टर एकदाच काढून तुलना केली तर सुमारे ५ सेकंद. म्हणून सावकाश मॉडेल फक्त त्या पन्नासांवर चालवायचं.

सुहासिनी_नेरूळ

नमस्कार. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. सारखे प्रश्न बंद करण्याबद्दल इथे बोलणं चाललंय म्हणून लिहिते. मागच्या महिन्यात मी एक प्रश्न विचारला होता, तो ‘आधी विचारला आहे’ म्हणून नियंत्रकांनी बंद केला. आमचे एक सभासद वारले, नॉमिनी मुलगा आहे, मुलीची हरकत आहे. शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर करायचं, एवढंच विचारलं होतं. जी लिंक मिळाली तिच्यात लिहिलं होतं की नॉमिनी असेल तर त्याला थेट सभासद करून घ्या. मुलगी आता वकील घेऊन आलीये. माझा प्रश्न परत उघडता येईल का? आणि मला सांगा, नॉमिनी की वारस?

देशपांडे_नौपाडा

सुहासिनीताई, ते उत्तर जुनं असणार. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, १५४ब ची कलमं. त्यानंतर नॉमिनीला आधी तात्पुरता सभासद म्हणून घेतात, आणि वारसांचा हक्क कागदोपत्री ठरल्यावर त्यांना सभासद करतात. हरकत आलेली असताना कमिटीने परस्पर कायमचं हस्तांतरण करू नये. उपनिबंधक कार्यालयात लेखी विचारून घ्या, इथल्या माझ्या शब्दावर थांबू नका.

आणि मृणालताई, मला जी भीती वाटत होती ती हीच. दोन्ही प्रश्न शब्दाला शब्द सारखे असतील. यंत्रानेही ते सारखेच म्हटले असते. उत्तर मात्र कायद्याने मागे टाकलं.

मृणाल_वाशी

सुहासिनीताई, तुमचा प्रश्न आत्ता उघडलाय आणि जुन्या उत्तरावर ‘२०१९ च्या आधीचं’ अशी पट्टी लावलीये.

विनायकदादा, तुमच्या कसोटीत हे कुठे बसतं? प्रश्न तर तोच आहे.

विनायक_घणसोली

कसोटीने तो सारखा ठरत नाही, कारण जुनं उत्तर देऊन काम होत नाही. पण हे मजकुरावरून कळायचा मार्गच नाही. कुठलंही मॉडेल आणा, ‘नॉमिनी’ हा शब्द २०१७ मध्ये आणि आज तसाच दिसणार. ही माहिती प्रश्नाच्या बाहेर ठेवावी लागते. उत्तराची तारीख, कोणत्या कायद्यावर ते उभं आहे, आणि तो कायदा बदलला की त्याच्यावरची सगळी उत्तरं एकदम बाजूला काढायची सोय.

जागेचंही असंच आहे. ‘फ्लॅट ट्रान्सफरला एनओसी कोणाची लागते?’ असं घोडबंदर रोडवरच्या माणसाने विचारलं आणि नेरूळच्या माणसाने विचारलं, तर वाक्य एकच. पण नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर, तिथे सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क मध्ये येतं. घोडबंदरच्या माणसाला सिडकोशी देणंघेणं नाही. आपण कुठे राहतो हे कोणी प्रश्नात लिहीत नाही, त्याच्या दृष्टीने ते उघडच असतं.

प्रथमेश, तू कळव्याचा ना? मृणालताईंच्या उदाहरणातला मुलगा कळव्याचा असता, आणि तुझ्या ०.८ ने त्याचा प्रश्न बंद करून ‘महावितरणच्या कार्यालयात जा’ ही लिंक दिली असती तर?

प्रथमेश_कळवा

आमच्याकडे टोरंट आहे. शीळ, मुंब्रा, कळवा इथली वितरणाची फ्रँचायझी त्यांच्याकडे आहे. हो, तो चुकीच्या ऑफिसात गेला असता. कळलं. मग प्रश्न टाइप करायच्या आधी विभाग निवडायला लावा, आणि उमेदवार त्यावरून गाळा.

देशपांडे_नौपाडा

सगळेच गाळू नका. गळतीचा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे, उपविधी एकच. विभागावर गाळलं तर ऐरोलीचं चांगलं उत्तर कोपरीच्या माणसाला दिसणारच नाही.

मृणाल_वाशी

हे फार पटलं. मग विषयागणिक ठरवावं लागेल: वीज, मालमत्ता कर आणि जमीन यांना विभाग बंधनकारक, सोसायटीच्या अंतर्गत गोष्टींना नाही.

ऋतुजा_ऐरोली

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतलाय म्हणून विचारते. कोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये प्रश्नांच्या जोड्यांचा डेटा खुला केला होता, चार लाखांवर जोड्या. तो मी मशीनने मराठीत भाषांतरित करून मॉडेल शिकवलं. जोडी दिली की ‘सारखे’ किंवा ‘वेगळे’ सांगतं, बरीचशी उत्तरं बरोबर येतात. मृणालताईंना दुसऱ्या टप्प्यासाठी चालेल का?

विनायक_घणसोली

ऋतुजा, क्रम लावायला नक्की वापरून बघ. पण तुझ्या अचूकतेच्या आकड्याला इथे काही अर्थ नाही, आणि का ते समजून घे, प्रोजेक्टच्या परीक्षेतही विचारतील.

त्या डेटात साधारण ३७ टक्के जोड्या ‘सारख्या’ आहेत. मृणालताईंकडे नवा प्रश्न आला की सहा हजारांतले सारखे किती? एक, फार तर दोन-तीन, बरेचदा शून्य. आता धर की तुझं मॉडेल वेगळ्या जोडीला फक्त शंभरात एकदा चुकून ‘सारखी’ म्हणतं. ऐकायला छान वाटतं. पण सहा हजारांवर चालवलंस तर एका प्रश्नामागे साठ खोटे सारखे प्रश्न येतील, आणि खरा एक त्यांच्यात हरवेल. पन्नासांवरच चालवलंस तर शंभरात एक हा दर टिकणार नाही, कारण ते पन्नास मुद्दाम निवडलेले जुळे आहेत. वाशीची गळती आणि शेअर सर्टिफिकेट वेगळे ओळखणं सोपं असतं. लाईट बिल आणि मालमत्ता कराचं बिल वेगळं ओळखणं हीच खरी परीक्षा, आणि तशा जोड्या तुझ्या डेटात किती आहेत ते बघ.

दुसरं, त्या डेटावरच्या कॅगलच्या स्पर्धेत लोकांना कळलं होतं की एखादा प्रश्न डेटात किती वेळा येतो, एवढ्यावरूनच जोडी सारखी आहे का याचा चांगला अंदाज बांधता येतो. मजकूर न वाचता! डेटा गोळा करताना राहिलेली ती खूण होती. असे गुण प्रत्यक्षात उपयोगी पडत नाहीत.

ऋतुजा_ऐरोली

म्हणजे आमच्याच पानावरच्या जोड्या हव्यात. पण त्या कोण बनवणार? कोणाला वेळ आहे?

विनायक_घणसोली

काही आयत्या पडलेल्या असतील. नियंत्रकांनी हाताने बंद केलेले प्रश्न आणि त्यांच्या लिंका, ही पहिली खाण. दुसरी खाण उत्तरांमध्ये आहे. कोरियातल्या नेव्हर या संकेतस्थळाच्या प्रश्नांवर २००५ मध्ये जिऑन, क्रॉफ्ट आणि ली यांनी हीच युक्ती केली होती: दोन प्रश्नांचे शब्द वेगळे, पण उत्तरं फार सारखी असतील, तर ते प्रश्न बहुधा एकच, आणि अशा जोड्यांवरून यंत्राला शब्दांची नाती शिकवता येतात. ‘वारले’ आणि ‘मयत’चं नातं तिथून मिळेल. मृणालताई, तुमचे लोक जुनं उत्तर कॉपी-पेस्ट करतात का?

मृणाल_वाशी

सर्रास! त्याच्यावरूनच तर थकवा येतो.

देशपांडे_नौपाडा

सांभाळा हं. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा पेस्ट झालेलं उत्तर म्हणजे ‘वॉर्ड ऑफिसला चौकशी करा’. त्याच्यावरून शिकवलंत तर पाणी, कर आणि जन्मदाखला सगळे एकच प्रश्न होतील.

विनायक_घणसोली

अगदी खरं, काका. अशी आखूड, सगळीकडे चालणारी उत्तरं आधी वेगळी काढायची. एखादं उत्तर फार वेगवेगळ्या विषयांखाली दिसलं, की ते प्रश्नाबद्दल काही सांगत नाही असं धरायचं.

प्रथमेश_कळवा

मोजायचं कसं ते सांगा. मला तर सगळंच बरं वाटतंय.

विनायक_घणसोली

हाताने बंद केलेले प्रश्न घ्या. प्रत्येकाला नवा समजून शोध चालवा, पण त्याच्या तारखेआधीचेच प्रश्न शोधात ठेवा, नाहीतर भविष्यातलं उत्तर सापडून आकडा फुगतो. खरा जुना प्रश्न पहिल्या पाचात किती वेळा आला, हा एक आकडा. बाकी सगळं त्यानंतर.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. नियंत्रकांच्या नजरेतून सुटलेले सारखे प्रश्न भरपूर असतात. स्टॅक-एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या बारा विभागांवरून केलेल्या सीक्यूए-डप-स्टॅक या संचातसुद्धा ही अडचण आहे. यंत्राने असा सुटलेला प्रश्न बरोबर शोधला तरी तुमच्या यादीत तो नाही, म्हणून चूक मोजली जाते. त्यासाठी अधूनमधून ताज्या प्रश्नांच्या पाच-पाच सूचना दोन माणसांना वेगवेगळ्या बसवून तपासायला द्या. जिथे त्या दोघांचंच जमत नाही, तिथे यंत्राकडून अपेक्षा ठेवू नका.

मृणाल_वाशी

काल रात्री जागून निम्मं केलं. अक्षरांचे तुकडे आणि एम्बेडिंग दोन्ही चालू. वडील वारल्याचा प्रश्न टाकला की ‘मयत ग्राहक’ आता दुसरा येतो. पहिला अजून मालमत्ता कराचाच आहे, विनायकदादा म्हणाले तसंच. दुसरा टप्पा ऋतुजाबरोबर बसून करणार आहे. आपोआप बंद करायचा विचार सोडून दिला. पाच सूचना दिसतात, प्रत्येकीसोबत उत्तराच्या पहिल्या दोन ओळी, तारीख आणि विभाग. विचारणारा स्वतः म्हणाला ‘यात माझं उत्तर आहे’ तरच जोडणी होते. ‘नाही’ म्हणाला तर तीही नोंद ठेवतेय, तीच पुढे ऋतुजाची अवघड उदाहरणं होतील.

शुद्धलेखनातली एक गोष्ट सापडली. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काहींच्या कीबोर्डवर `U+0931 U+094D`, काहींच्या `U+0930 U+094D U+200D`. पडद्यावर एकसारखे दिसतात, तुलनेत वेगळे पडतात. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने ते एक होत नाहीत, हाताने नियम लिहावा लागला.

ऋतुजा_ऐरोली

आणि जे असं लिहितात त्यांचं काय करायचं?

```
baba expire zale light bill aai chya navavar kasa karaycha
```

निम्मे प्रश्न मोबाईलवरून असेच येतात.

प्रथमेश_कळवा

देवनागरीत बदलून घ्यायचं. लिप्यंतराची लायब्ररी लाव.

विनायक_घणसोली

‘kasa’ चा ‘कसा’ होईल, ‘zale’ चा ‘झाले’ही होईल. पण ‘light’ चा ‘लिघ्त’ होतो आणि ‘expire’ तर विचारू नका. आधी कुठला शब्द मराठी आणि कुठला इंग्रजी हे ओळखावं लागतं, आणि ‘bill’, ‘tax’, ‘meter’ हे दोन्हीकडचे आहेत. रोमन मजकुराचे अक्षरांचे तुकडे करून तो रोमनमधल्या जुन्या प्रश्नांशी जुळवणं तूर्त जास्त भरवशाचं वाटतं. दोन्ही लिप्यांना सांधणारं चांगलं काही मला अजून मिळालेलं नाही. कोणी प्रत्यक्ष चालवलं असेल तर लिहा.

सुहासिनी_नेरूळ

मृणाल, माझ्या उघडलेल्या प्रश्नावर एका वकिलांनी उत्तर दिलंय, धन्यवाद. ते जुनं उत्तर आणखी किती जणांना लिंक म्हणून गेलंय ते कळेल का? आमच्या शेजारच्या सोसायटीनेही तेच वाचून ठराव केलाय असं आज समजलं.

मृणाल_वाशी

काढता येईल. त्या उत्तराकडे जोडलेले सगळे बंद प्रश्न आज काढते आणि २०१९ नंतर विचारलेल्या प्रत्येकाला निरोप पाठवते. देशपांडेकाका, १५४ब मुळे आणखी कोणत्या विषयांची उत्तरं तपासायला लागतील, त्यांची यादी द्याल का?

देशपांडे_नौपाडा

रविवारपर्यंत देतो. थकबाकीदार आणि सहयोगी सभासद हे दोन विषय आत्ताच बाजूला काढून ठेवा.